८४ टक्के एकमत, पण कितपत खरे?

दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता १०० उत्तरपत्रिका तपासल्या, असे समजा. दोघांनीही ८२ मुलांना पास आणि २ मुलांना नापास केले. उरलेल्या १६ पैकी ८ जणांना फक्त पहिल्याने नापास केले, ८ जणांना फक्त दुसऱ्याने. एकमत ८४ टक्के. पण दोघेही ९० टक्के मुलांना पास करतात. उत्तरे न वाचता त्याच प्रमाणात शेरे मारले असते, तरी ८१ अधिक १, म्हणजे ८२ टक्के एकमत योगायोगानेच झाले असते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा हा योगायोग वजा करतो. उरलेल्या १८ पैकी कमावले फक्त २, म्हणून कॅपा ०.११. नापास इतके थोडे असले की कॅपा पटकन घसरतो. त्यामुळे पहिल्याने नापास केलेल्या १० पैकी दुसऱ्यालाही नापास वाटले ते दोघेच, हे शेजारी लिहायलाच हवे.