गोठ्यात ऐकू जाईल अशी मराठी

"आपल्या दुधाळ पशूंच्या सर्वांगीण आरोग्यासाठी संतुलित खनिज मिश्रण. यातील कॅल्शियम, फॉस्फरस व सूक्ष्म पोषकद्रव्यांमुळे पशूंच्या प्रजननक्षमतेत सुधारणा होऊन दुग्धोत्पादनात लक्षणीय वृद्धी होते. प्रतिदिन पन्नास ग्रॅम मात्रा खाद्यात मिसळून द्यावी. अधिक माहितीसाठी नजीकच्या विक्रेत्याशी त्वरित संपर्क साधावा."

गाई-म्हशींना चारायच्या मिनरल मिक्स्चरची तीस सेकंदांची जाहिरात. हा मजकूर या लेखासाठी रचलेला नमुना आहे, पण तालुक्याच्या गावी स्थानिक केबल पाहणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. व्याकरणाची चूक त्यात एकही नाही. कंपनीच्या कचेरीत तो सहज मंजूर होईल, आणि अडचणीची सुरुवात तिथेच आहे. मूळ मसुदा बहुतेक वेळा इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. त्याचं ओळीला ओळ लावून मराठी होतं, तांत्रिक विभाग त्यात एखादं पोषकद्रव्य वाढवतो, साहेब एखादं विशेषण वाढवतात. हे सगळे जण मजकूर वाचतात. ऐकत कोणीच नाही.

ज्याच्यासाठी जाहिरात केली तो मात्र ती ऐकतो, तीही अर्धीमुर्धी. संध्याकाळी धार काढायची वेळ असते, टीव्ही आतल्या खोलीत चालू असतो आणि गोठ्यापर्यंत पोचतो तो फक्त आवाज. कागदावर वाक्य कळलं नाही तर डोळा मागे जाऊन पुन्हा वाचतो. कानाला ती सोय नसते. वरचं दुसरं वाक्य मोठ्यानं म्हणून पाहावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'होते' हा शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्याला आधीचे तेरा शब्द धरून ठेवावे लागतात. त्यातले 'पोषकद्रव्यांमुळे', 'प्रजननक्षमतेत' आणि 'दुग्धोत्पादनात' हे एकेक जोडशब्द म्हणजे स्वतंत्र वाक्याचाच ऐवज.

असा मजकूर बोलीत आणायला बसलेला जाणता लेखक म्हणून आधी शब्दांना हात लावत नाही. तो विचारतो, की हे मिक्स्चर विकत घेणाऱ्याची तक्रार नेमकी काय आहे? 'सर्वांगीण आरोग्य' ही कोणाची तक्रार नसते. तक्रार असते ती गाय माजावर येत नाही ही. गाय व्याल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत पुन्हा माजावर आली नाही, तर पुढचं वेत लांबतं आणि मध्ये भाकड गाय फुकट पोसावी लागते. त्यामागे एक कारण खनिजांच्या कमतरतेचंही असू शकतं. एक लिटर दुधातून साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. पंधरा लिटर दूध देणाऱ्या गाईच्या अंगातून रोज अठरा-एकोणीस ग्रॅम गेलं. खाण्यातून ते भरून निघालं नाही तर शरीर ते हाडांतून काढतं. फॉस्फरस कमी पडला तर माज लांबू शकतो.

एवढं समजल्यावर मजकूर असा होतो:

"गाय व्याली, दूधही चांगलं देतेय. पण तीन महिने झाले, माजावर यायचं नाव नाही. दुधातून रोज तिच्या अंगातलं कॅल्शियम, फॉस्फरस जातं. नुसत्या चाऱ्यातून ते भरून निघत नाही. म्हणून पेंडीत रोज मिनरल मिक्स्चर घाला. मोठ्या गाईला पन्नास ग्रॅम, म्हणजे पिशवीतल्या मापानं एक माप. किलोची पिशवी एका गाईला वीस दिवस जाते. तरी माजावर आली नाही, तर डॉक्टरला दाखवा. मिळेल पशुखाद्याच्या दुकानात."

मोजलं तर गंमत दिसते. पहिला मजकूर छत्तीस शब्दांचा होता, हा अठ्ठावन्न शब्दांचा आहे. सोपं करायचं म्हणजे लहान करायचं, असा अनेकांचा समज असतो. इथे उलट घडलं. जोडशब्द उलगडला की त्याची दोन-तीन छोटी वाक्यं होतात. निवांत बोलीत तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्द बसतात, त्यामुळे हे बेतानं मावतं. पण सुरुवातीचं संगीत आणि शेवटी कंपनीचं नाव यांनाही जागा हवी. म्हणून काहीतरी गाळावंच लागतं. इथे 'सूक्ष्म पोषकद्रव्ये' गेली. कंपनीला ते खटकतं, कारण तिच्या मते तीच मालाची खासियत असते. पण ती पिशवीवर छापलेली असतेच.

उलट 'मिनरल मिक्स्चर', 'कॅल्शियम' आणि 'डॉक्टर' हे शब्द तसेच ठेवले आहेत. दुकानात माणूस 'खनिज मिश्रण द्या' म्हणत नाही. डेअरीवर दुधाला फॅट किती लागली असं विचारतात, स्निग्धांशाची चौकशी कोणी करत नाही. बोली मराठी आणि शुद्ध मराठी एकच समजून इंग्रजी शब्द हुडकून काढले, तर मजकूर पुन्हा कचेरीत जाऊन बसतो.

'दुग्धोत्पादनात लक्षणीय वृद्धी' गाळण्याचं कारण वेगळं आहे. छापील भाषेत तो दावा धुक्यात असतो. बोलीत आणला की तो 'दूध वाढतं' असा लख्ख होतो, आणि मग प्रश्न येतो, पुरावा काय? जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमनासाठी 1985 साली स्थापन झालेली एएससीआय ही संस्था दाव्याला आधार मागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत खुलासा द्यायचा, हे त्यांत आहे. म्हणजे मराठी जाहिरातीच्या तळाशी बारीक इंग्रजी ओळ सरकवून चालत नाही. 'तरी माजावर आली नाही, तर डॉक्टरला दाखवा' हे वाक्यही भलेपणाची शोभा म्हणून आलेलं नाही. माज न येण्याला गर्भाशयाच्या आजारापासून कुपोषणापर्यंत बरीच कारणं असतात, आणि सगळ्यांवर हे मिक्स्चर चालत नाही.

बोली म्हटलं की काही जण लगेच फेटा बांधतात. 'आवं', 'लई' आणि 'बगा' पेरले की ग्रामीण झालं, असा हिशेब असतो. कोल्हापूरच्या वळणाची ही नक्कल चंद्रपुरात विनोदी वाटते, आणि खुद्द कोल्हापुरातही आपली टिंगल चाललीय हे लगेच कळतं. त्यापेक्षा उच्चार साधा ठेवून नेमक्या वस्तूचा शब्द बदलणं जास्त उपयोगी. पश्चिम महाराष्ट्रात 'पेंड' म्हणतात, विदर्भात 'ढेप'. तेव्हा 'म्हणून ढेपीत रोज...' हे एकच वाक्य दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रित करून घ्यायचं. आवाज देणारा कलाकार त्या वेळी स्टुडिओतच असतो, त्यामुळे खर्च फारसा वाढत नाही. नंतर आठवलं तर वाढतो.

मजकूर उतरला की नाही, हे 'आवडला का?' असं विचारून कळत नाही. लोक भिडस्त असतात, आवडला म्हणतात. त्यापेक्षा जनावरं पाळणाऱ्या चार-पाच जणांना एकेकट्यानं तो एकदाच ऐकवावा, मध्ये जरा दुसऱ्या गप्पा माराव्यात आणि मग विचारावं, काय घ्यायचं, कशात घालायचं, किती घालायचं? वरच्या मजकुरात घसरायची जागा तिसऱ्या प्रश्नाला आहे. 'मूठभर' असं उत्तर आलं, तर मापाची ओळ कानातून निसटली असं समजायचं. मूठ प्रत्येकाची वेगळी, आणि डोस चुकला तर पिशवी वीस दिवस पुरायचीही नाही. अशा वेळी ओळ आणखी सोपी करत बसण्यापेक्षा दृश्य बदललेलं बरं. पिशवीतून माप बाहेर काढणारा हात जवळून दाखवायचा, ते पेंडीवर रिकामं करताना दाखवायचं आणि नेमक्या त्याच क्षणी आवाजात फक्त 'रोज एक माप' एवढंच ठेवायचं. पन्नास ग्रॅमचा आकडा पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिता येतो. यातून वाचलेले दोन-तीन सेकंद दुकानाच्या नावाला मिळतात.