अर्जाच्या पत्रातला मधला परिच्छेद

नोकरीच्या अर्जासोबत जोडायच्या पत्राचे साधारण तीन परिच्छेद असतात. पहिल्यात कोणत्या जागेसाठी अर्ज करतो आहोत ते सांगायचं आणि शेवटच्यात भेटीची वेळ मागायची. हे दोन्ही परिच्छेद सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात आणि त्यात काही बिघडतही नाही. उमेदवाराला बोलावायचं की नाही हे ठरतं ते मधल्या परिच्छेदावर. आणि आपल्याकडच्या बहुतेक पत्रांत नेमक्या याच जागी कामांची यादी उतरवलेली असते.

उदाहरणासाठी एक उमेदवार घेऊ. नाशिकमध्ये औषधांच्या एका होलसेल कंपनीत ती तीन वर्षं अकाउंट्स सांभाळते आहे. पुण्यातल्या अशाच, पण मोठ्या कंपनीला वसुली आणि जीएसटी बघणारं माणूस हवं आहे, म्हणून ती अर्ज करते. पत्र इंग्रजीत जाईल, पण मजकूर आधी मराठीत पक्का केलेला बरा. तिचा पहिला मसुदा असा होता:

“सध्याच्या कंपनीत मी रोजच्या व्हाउचर एंट्री, बँक रिकन्सिलिएशन, विक्री व खरेदी बिलांच्या नोंदी, जीएसटी विवरणपत्रं भरणे, ग्राहकांकडून वसुलीचा पाठपुरावा, क्रेडिट नोट तयार करणे आणि ऑडिटसाठी कागदपत्रं पुरवणे ही कामं पाहते. मी मेहनती असून दबावाखाली काम करू शकते.”

यातलं एकही वाक्य खोटं नाही. अडचण अशी की तिच्या जागी आधी जे कोणी होतं, त्यांचं पत्रही शब्दशः हेच झालं असतं. होलसेलच्या कोणत्याही ऑफिसात अकाउंट्सवाल्याला हीच कामं असतात, आणि पुण्यातल्या साहेबांना ती तोंडपाठ आहेत. ही कामं हिच्या हाती आल्यावर काय बदललं, एवढंच त्यांना कळत नाही.

पहिली गोष्ट निवडीची. यादीत सात कामं आहेत आणि जाहिरातीत दोनच मागितली आहेत: वसुली आणि जीएसटी. उरलेली पाच बायोडेटात येतातच, त्यामुळे पत्रातून ती काढून टाकायची. काढताना जिवावर येतं, कारण रोजचा बराचसा वेळ त्यांतच गेलेला असतो. पण पाच-सात ओळींच्या परिच्छेदात दोन गोष्टी नीट मावतात, तिसरी आली की सगळ्याच उथळ होतात.

आता वसुली. “पाठपुरावा करते” या शब्दांना आकडा कुठून द्यायचा? इथे अनेक जण अंदाजाने टक्के लिहून मोकळे होतात. तसं करायची गरज नसते, कारण आकडा बहुधा ऑफिसातच पडलेला असतो. हिच्या बाबतीत तो टॅलीत होता. येणे रकमांच्या अहवालात प्रत्येक बिल किती दिवसांचं झालं हे वयोगटानुसार दिसतं: तीस दिवसांपर्यंतची, तीस ते साठ, साठ ते नव्वद आणि नव्वदच्या वरची. तिच्याकडे वसुली आली एप्रिल 2023 मध्ये. म्हणून 31 मार्च 2023 आणि 31 मार्च 2024 या दोन तारखांचे अहवाल शेजारी ठेवायचे. पहिल्यात नव्वद दिवसांवरची येणी 36 लाख, दुसऱ्यात 13 लाख.

23 लाखांची घट! हात शिवशिवतात हे लिहून टाकायला. पण इथेच थांबून दोन गोष्टी तपासाव्या लागतात, कारण अकाउंट्समधला जाणता माणूस मुलाखतीत याच विचारणार.

एक, बुडीत खाती. वर्षअखेरीला मालकांनी काही बंद पडलेल्या दुकानांची रक्कम बुडीत म्हणून काढून टाकली असेल, तर तेवढी येणी अहवालातून जातात, पण एक रुपयाही आलेला नसतो. हिने लेजर काढून पाहिलं, तर असे 5 लाख निघाले. ते धरले तर जुनी येणी 13 ऐवजी 18 लाख होतात.

दोन, ऑन अकाउंट नोंदी. दुकानदाराने पैसे दिले, पण ते कोणत्या बिलापोटी हे न दाखवता नुसते खात्यावर जमा केले, तर टॅलीत जुनं बिल उभंच राहतं. पुढे कोणी बसून ते पैसे बिलांना लावले की जुन्या येण्यांचा आकडा झपकन खाली येतो. ही हिशेबाची साफसफाई झाली. ती उपयोगी आहे, पण तिला वसुली म्हणता येत नाही. हिच्या खात्यांत अशा रकमा किरकोळ होत्या, म्हणून आकडा तसाच राहिला. त्या मोठ्या असत्या, तर त्याही वजा कराव्या लागल्या असत्या.

तेव्हा पत्रात जाणारा खरा आकडा असा: 36 लाखांवरून 18 लाख. घट 23 लाखांची नसून 18 लाखांची, म्हणजे येणी निम्म्यावर आली. आकडा लहान झाला, पण आता तो कोणी खोडून काढू शकत नाही. याउलट “वसुलीत 64 टक्के सुधारणा” असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला असता, कशाच्या 64 टक्के? सुरुवातीची रक्कम न सांगता दिलेल्या टक्केवारीवर अनुभवी माणूस विश्वास ठेवत नाही. एक लाखाचे छत्तीस हजार झाले तरी 64 टक्केच होतात.

आकड्याइतकंच महत्त्वाचं दुसरं काही असतं, आणि ते बहुतेक पत्रांतून गळून जातं: हे झालं कसं? “सातत्याने फोन केले” हे उत्तर कोणीही देईल. हिला विचारलं, तेव्हा कळलेली गोष्ट फार बोलकी होती. मेडिकलवाले मुदत संपलेली औषधं होलसेलरला परत करतात. होलसेलर ती उत्पादक कंपनीकडे पाठवतो, तिथून दावा मंजूर झाल्यावर दुकानदाराला क्रेडिट नोट मिळते. यात महिने जातात. तोवर दुकानदार म्हणतो, आधी माझ्या परत केलेल्या मालाचं बघा, मग पैशांचं बोलू, आणि दोन-चार हजारांच्या नोटेपायी तीस-चाळीस हजारांचं बिल अडवून ठेवतो. हिने आधी अशा अडकलेल्या नोटांची दुकानवार यादी केली आणि मालकांकडून त्या मार्गी लावून घेतल्या. नंतर दर सोमवारी प्रत्येक विक्री प्रतिनिधीला त्याच्या भागातल्या थकलेल्या दुकानांची यादी द्यायला सुरुवात केली. पैसे आले ते यामुळे.

हे तिच्या मसुद्यात का नव्हतं? तिला ते नेहमीचंच काम वाटत होतं. यादीतल्या “क्रेडिट नोट तयार करणे” या चार शब्दांत ते लपून बसलं होतं.

श्रेयाचा प्रश्नही इथेच येतो. दुकानात जाऊन पैसे आणले प्रतिनिधींनी, नोटा मंजूर केल्या मालकांनी. म्हणून “मी 18 लाख वसूल केले” हे वाक्य चुकीचं ठरतं. आपण काय केलं ते क्रियापदात सांगायचं, यादी केली, नोटा मार्गी लावून घेतल्या, आणि रक्कम खात्याचा परिणाम म्हणून लिहायची. वाचणाऱ्याला माहीत असतं की वसुली एकट्याने होत नसते. नेमका स्वतःचा वाटा सांगणारा उमेदवार त्याला जास्त भरवशाचा वाटतो.

जीएसटीचं प्रकरण छोटं आहे. “विवरणपत्रं वेळेवर भरली” ही कामगिरी आहे का? जीएसटीआर-3बी मासिक भरणाऱ्यांना ती पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावी लागते आणि उशीर झाला तर साधारण दिवसाला 50 रुपये लेट फी लागते, शिवाय कर थकला तर व्याज. वेळेत भरणं हे कर्तव्यच झालं. पण हिच्या आधीच्या वर्षात चार महिन्यांची लेट फी भरल्याची नोंद लेजरमध्ये होती, आणि हिच्या वर्षात एकही नाही. आधीची स्थिती सांगता आली की तीच गोष्ट कामगिरी ठरते. आधीही सगळं वेळेवर होत असेल, तर हे वाक्य पत्रात घेऊ नये.

आता नवा परिच्छेद:

“सध्याच्या कंपनीत सुमारे दोनशे मेडिकल दुकानांच्या उधारीचा हिशेब माझ्याकडे आहे. मार्च 2023 अखेर नव्वद दिवसांवरची येणी 36 लाख होती. परत केलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा अडकल्यामुळे अनेक दुकानदार बिलं थांबवत होते. त्या नोटा दुकानवार मार्गी लावून घेतल्या आणि दर सोमवारी विक्री प्रतिनिधींना थकबाकीची यादी देऊ लागले. मार्च 2024 अखेर, बुडीत काढलेली रक्कम जमेस धरूनही, ही येणी 18 लाखांवर आली. आधीच्या वर्षी जीएसटीच्या चार विवरणपत्रांवर लेट फी लागली होती, या वर्षी बाराही वेळेत गेली.”

“मेहनती” आणि “दबावाखाली” हे शब्द आपोआप गळाले. लांबी जवळपास दुप्पट झाली, तरी वाचायला हा परिच्छेद हलका आहे, कारण त्यात एक गोष्ट घडते.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. हे आकडे आताच्या मालकांच्या धंद्याचे आहेत आणि पत्र बहुधा त्यांच्याच व्यवसायातल्या माणसाकडे जातं. दुकानांची नावं, एकूण उलाढाल, कोणाला किती सवलत, यातलं काहीही पत्रात येता कामा नये. रुपयांतली रक्कमही उघड करण्यासारखी नसेल, तर “एकूण उधारीतला जुन्या येण्यांचा हिस्सा” असं प्रमाण द्यावं. हिच्या कंपनीत मार्च 2023 ला एकूण उधारी 1 कोटी 20 लाख होती, म्हणजे जुनी येणी 30 टक्के. पुढच्या वर्षी बुडीत रक्कम मिळवून एकूण 1 कोटी 35 लाख झाली, म्हणजे 13 टक्क्यांच्या आसपास. “जुन्या येण्यांचा हिस्सा 30 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर” एवढं लिहिलं तरी काम भागतं, आणि एकूण उधारी वाढत असताना हे झालं हेही त्यात येतं.

परिच्छेद तयार झाला की तो स्वतःलाच प्रश्न विचारून बघावा. हा आकडा कोणत्या अहवालातला? कोणत्या तारखेचा? आधी किती होता? इतर कोणाचा हात होता? एखाद्या प्रश्नावर अडखळायला झालं, तर ते वाक्य सौम्य करावं किंवा काढावं. मुलाखतीतले प्रश्न याच परिच्छेदावरून निघतात, आणि तिथे सारवासारव करायला फारसा वाव नसतो.

हे सगळं नोकरी सोडण्याआधी करायचं काम आहे. राजीनामा दिला की ऑफिसचा लॉगिन बंद होतो आणि दोन वर्षांपूर्वीची येणी किती होती हे सांगायला हाताशी काही उरत नाही. कंपनीचे अहवाल घरी नेऊ नका, ते तुमचे नाहीत. पण नवं काम हातात आलं त्या दिवशीची स्थिती आणि दर 31 मार्चची स्थिती, एवढे मोजके ठोकळ आकडे आपल्या वहीत तारखेसह टिपून ठेवा. अर्ज करायचा नसला तरी या आठवड्यात पहिली नोंद करून टाका.