चाळीसला चालते, पन्नासला बिघडते

कागदावर ही मोटर बिघडूच शकत नाही. छोटी डीसी मोटर, तिच्या दांड्यावर वेग मोजणारा एन्कोडर आणि एक अगदी साधा कंट्रोलर. हवा असलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतला फरक घ्यायचा, त्याला 9 ने गुणायचे आणि तेवढा जोर मोटरला द्यायचा. हा कंट्रोलर जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग सर्किटवर बांधला, तर गणित सांगते की 9 च्या जागी 90 घातले तरी मोटर स्थिरच राहील. मग तोच कंट्रोलर मायक्रोकंट्रोलरमध्ये लिहिला जातो. दर 40 मिलिसेकंदांनी हिशेब केला तर मोटर थोडी डगमगते, पण ताळ्यावर येते. 50 मिलिसेकंद केले की थरथरायला लागते आणि थांबतच नाही. मोटर तीच, गुणकही तोच. बदलले ते फक्त दोन हिशेबांमधले अंतर.

या अंतराला सॅम्पलिंग टाइम म्हणतात आणि T या अक्षराने दाखवतात. मायक्रोकंट्रोलर दर T सेकंदांनी एकदा वेग वाचतो, नवा जोर ठरवतो आणि पुढच्या वाचनापर्यंत तोच जोर कायम ठेवतो. मधल्या काळात मोटर कुठेही पोचो, हुकूम जुनाच. म्हणून जोराचा आलेख सलग वळणाचा न राहता जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा होतो. मागचा आकडा तसाच धरून ठेवण्याच्या या पद्धतीचे नाव झीरो-ऑर्डर होल्ड.

आता मोटरकडे पाहू. सोयीसाठी जोर अशा एककात मोजू, की 1000 चा जोर कायम दिला तर मोटर शेवटी 1000 आरपीएमवर स्थिरावते. पण ती तिथे लगेच पोचत नाही. या उदाहरणातल्या मोटरला अंतिम वेगाच्या 63 टक्क्यांपर्यंत जायला 0.2 सेकंद लागतात. हा तिचा टाइम कॉन्स्टंट. जोर पायरीपायरीने दिला जात असेल, तर एका वाचनापासून पुढच्या वाचनापर्यंत वेग कसा बदलेल हे दोन ओळींत मांडता येते:

```
u[k]   = 9*(1000 - y[k])
y[k+1] = a*y[k] + (1-a)*u[k]      a = e^(-T/0.2)
```

इथे y म्हणजे वेग आणि u म्हणजे जोर. विशेष म्हणजे दुसऱ्या ओळीत काहीही अंदाजपंचे नाही. दोन वाचनांच्या मध्ये जोर खरोखरच स्थिर असतो, त्यामुळे या आदर्श मोटरसाठी हे उत्तर तंतोतंत आहे.

या कंट्रोलरने मोटर 1000 ऐवजी 900 वर स्थिरावते. नुसत्या फरकाला गुणून चालवले की थोडी तूट राहतेच. तिचा बंदोबस्त पुढे येईल. सध्या प्रश्न असा, की 900 पासून असलेले अंतर प्रत्येक वाचनाला किती पटीने बदलते. दोन्ही ओळी एकत्र केल्या की ती पट मिळते: a − 9(1 − a). सगळी स्थिरता या एका आकड्यावर ठरते. चिन्ह सोडून तो 1 पेक्षा लहान असेल, तर अंतर मिटत जाते. मोठा असेल, तर वाढत जाते.

T 5 मिलिसेकंद ठेवला तर ही पट 0.75 येते, म्हणजे दर वाचनाला चुकीचा पाव भाग जातो. 20 मिलिसेकंदांना ती 0.05 होते: थांबलेली मोटर पहिल्याच पायरीत 856 आरपीएमवर जाते आणि काम जवळपास संपते. 40 ला पट उणे 0.81 येते. उणे चिन्हाचा अर्थ असा की मोटर प्रत्येक वेळी 900 च्या पलीकडे उडी मारते, पण उडी दरवेळी लहान होते. 50 ला पट उणे 1.21. शून्यापासून निघालेली मोटर पहिल्या वाचनाला 1991 वर, दुसऱ्याला उणे 422 वर, म्हणजे चक्क उलट दिशेने, आणि तिसऱ्याला 2502 वर. सीमारेषा 44.6 मिलिसेकंदांवर आहे.

प्रत्यक्षात कुठलीही मोटर 9000 चा हुकूम पाळू शकत नाही, कारण ड्रायव्हरच्या व्होल्टेजला मर्यादा असते. ती मर्यादा 2000 धरली, तर वाढ तिथे अडते आणि मोटर सुमारे 750 ते 1025 आरपीएममध्ये हेलकावत राहते: एका हुकमात पूर्ण जोर, पुढच्यात ब्रेक. कारखान्यात हा आवाज ऐकून लोक आधी कपलिंग तपासतात, मग बेअरिंग. खरा चोर ओळखायची खूण सोपी आहे. थरथरीचे एक आवर्तन बरोबर दोन वाचनांइतके, इथे 100 मिलिसेकंदांचे असते. T थोडा बदलून पाहावा. थरथरीची गती त्याबरोबर बदलली, तर दोष सॅम्पलिंगचा. यांत्रिक ढिलाईला T किती आहे याच्याशी देणेघेणे नसते.

असे का होते? पायऱ्यांच्या मधून एक सरासरी रेषा काढली, तर ती मूळ वळणाच्या मागे पडलेली दिसते आणि हे मागे पडणे असते अर्ध्या T इतके. 50 मिलिसेकंदांच्या सॅम्पलिंगला जोर सरासरी 25 मिलिसेकंद उशिरा पोचतो. उलट 9 च्या गुणकाने बांधलेल्या या साखळीचा स्वतःचा टाइम कॉन्स्टंट, सलग गणितानुसार, आहे 20 मिलिसेकंद. सुधारणा पोचेपर्यंत दुखणे बदललेले असते. अर्ध्या T चा हा नियम सॅम्पलिंग वेगवान असतानाच भरवशाचा. आपल्या उदाहरणात नुसता तोच लावला, तर 50 लाही मोटर स्थिर असल्याचे उत्तर मिळते, आणि ते साफ चुकीचे आहे. सीमेजवळ वरच्या दोन ओळींचाच हिशेब करायला हवा.

सहज नजरेतून सुटणारा आणखी एक उशीर आहे. कित्येक प्रोग्राममध्ये या वाचनावर काढलेला जोर पुढच्या वाचनाच्या क्षणी बाहेर पडतो. लिहायला ते सोयीचे पडते, पण पूर्ण एका T चा उशीर पदरात येतो. आपल्या मोटरची सीमारेषा त्यामुळे 44.6 वरून 23.6 मिलिसेकंदांवर घसरते. मघाशी 20 मिलिसेकंदांना एका पायरीत शांत होणारी मोटर आता त्याच 20 ला हेलकावे खाते. एक हेलकावा सुमारे सहा वाचनांचा आणि तो निम्म्यावर यायला नऊ वाचने लागतात. वाचायचे, हिशेब करायचा आणि लगेच बाहेर टाकायचे, हा क्रम पाळला तर हे टळते.

आता राहिलेल्या तुटीकडे. 900 चे 1000 करायला चुकीची बेरीज साठवणारा इंटिग्रल भाग जोडावा लागतो. सलग गणितात तो इंटिग्रेशन असतो. झीरो-ऑर्डर होल्डने त्याचे रूपांतर केले, की प्रत्येक वाचनाची चूक पुढच्या वाचनापर्यंत स्थिर होती असे धरले जाते आणि हाती साधी बेरीज येते:

```
u   = Kp*e + sum
sum = sum + Ki*T*e
```

या ओळींतला T पुष्कळदा गायब असतो. Ki आणि T यांचा गुणाकार करून एकच आकडा कोडमध्ये ठोकून दिलेला असतो. पुढे कोणी तरी सॅम्पलिंग दुप्पट वेगाने करतो, आकडा तसाच राहतो आणि इंटिग्रल नकळत दुप्पट जोराने काम करू लागतो. चांगले चाललेले यंत्र ‘सुधारणा’ केल्यावर हेलकावू लागले, तर आधी इथे पाहावे.

कंट्रोलरमध्ये गोंगाट गाळणारा फिल्टर असेल, तर झीरो-ऑर्डर होल्डचा मोठा फायदा दिसतो. समजा, फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट 2 मिलिसेकंद आणि T 5 मिलिसेकंद आहे. घाईत वापरली जाणारी ऑयलरची पद्धत इथे 1 − 5/2, म्हणजे उणे 1.5 अशी पट देते आणि मोटर जोडण्याआधीच फिल्टर एकटा बेफाम होतो. झीरो-ऑर्डर होल्डची पट e^(-5/2), म्हणजे 0.08. स्थिर कंट्रोलर या पद्धतीने कधीच अस्थिर होत नाही, T कितीही घ्या.

गैरसमज नेमका इथे होतो. कंट्रोलर एकटा स्थिर राहिला म्हणून मोटरसह बनणारी पूर्ण साखळी स्थिर राहीलच असे नाही. आपला 9 चा गुणक तर रूपांतराला जराही बदलला नव्हता, तरी 50 ला साखळी कोसळली. पायऱ्या मोटरच्या तोंडाशी असतात, त्यामुळे झीरो-ऑर्डर होल्डचे रूपांतर मोटरच्या गणिताला अचूक लागू पडते. कंट्रोलरच्या तोंडाशी येणारी खरी चूक पायऱ्यांची नसते, ती सलग बदलत असते. तिथे ही पद्धत केवळ एक अंदाज ठरते आणि कंट्रोलरच्या स्मृती असलेल्या भागाला आणखी अर्ध्या T चा उशीर चिकटवते. MATLAB मध्ये c2d हा आदेश काही न सांगता दिला, की 'zoh' गृहीत धरला जातो. मोटरसाठी ते योग्य. कंट्रोलरसाठी बहुतेक अभियंते 'tustin' निवडतात, कारण त्यात हा जादा उशीर नसतो. कोणतीही पद्धत निवडा, शेवटी रूपांतरित कंट्रोलर आणि रूपांतरित मोटर एकत्र जोडून तपासावी लागते.

मग T शक्य तितका लहान का ठेवू नये? याचे उत्तर एन्कोडरकडे आहे. एका फेऱ्यात 400 टिचक्या देणारा एन्कोडर घेतला आणि 5 मिलिसेकंदांत किती टिचक्या आल्या यावरून वेग काढला, तर एका टिचकीचा फरक म्हणजे 30 आरपीएम. T 1 मिलिसेकंद केला की तीच टिचकी 150 आरपीएमची होते आणि 9 ने गुणल्यावर जोरात 1350 चा झटका बसतो. मोटर अस्थिर नसते, पण कुरकुरत आणि तापत राहते. यावर दोन टिचक्यांमधला वेळ मोजण्याचा उपाय आहे, पण त्यासाठी हिशेब बदलावा लागतो.

सॅम्पलिंगचा वेग साखळीच्या बँडविड्थच्या 20 ते 30 पट ठेवावा, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. या मोटरची बँडविड्थ सुमारे 8 हर्ट्झ, त्यामुळे T 4 ते 6 मिलिसेकंदांच्या आसपास येतो. मिलिसेकंदांचा आकडा मात्र पवित्र नव्हे. 1962 मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने एका रासायनिक कारखान्यातले 129 व्हॉल्व्ह एका फेरांटी संगणकाच्या हाती दिले. रासायनिक कारखान्यांत तापमानाचे वाचन 10 ते 20 सेकंदांनी एकदा झाले तरी सहसा भागते, कारण तिथले तापमान मिनिटांच्या हिशेबाने बदलते.

अशी मोटर चालवणाऱ्यांनी एक काम जरूर करावे. हिशेब सुरू होताना मायक्रोकंट्रोलरची एक मोकळी पिन चालू करावी, जोर बाहेर पडताच बंद करावी आणि ऑसिलोस्कोपवर पाहावे. दोन ठोक्यांमधले अंतर म्हणजे खरा T, ठोक्याची रुंदी म्हणजे हिशेबाचा उशीर. कोडमध्ये लिहिलेला T आणि पडद्यावरचा T जुळत नसतील, तर Kp आणि Ki ला हात लावण्याआधी तो फरक मिटवावा.