अक्षरांभोवतीचं खळं

'भ्रमयुगम' हा २०२४ चा मल्याळम चित्रपट संपूर्ण कृष्णधवल आहे. एक जुना, पडका वाडा, पाऊस, दिव्याच्या उजेडात दिसणारा मामुट्टीचा चेहरा आणि उरलेल्या पडद्यावर अंधार. मल्याळम न कळणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तो मूळ भाषेत सबटायटल्सशिवाय पाहता येत नाही. आणि नेमकी तिथेच अनेक घरांतल्या टीव्हीची पंचाईत होते. संवाद सुरू झाला, की पांढऱ्या अक्षरांभोवती निळसर-करडं धुकं उजळतं आणि ओळ गेली, की तेही विझतं. रंगीत चित्रपटात हा प्रकार थोडाफार लपतो. कृष्णधवल चित्रात लपायला जागा नसते.

याचं मूळ टीव्हीच्या रचनेत आहे. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागे एलईडी दिव्यांचा बॅकलाइट असतो आणि पुढचे स्फटिक तो प्रकाश हवा तिथे सोडतात, नको तिथे अडवतात. मात्र हे अडवणं कधीच पूर्ण नसतं. 'व्हीए' प्रकारचं चांगलं पॅनेल पाच हजारातला साधारण एक भाग प्रकाश झिरपू देतं, तर 'आयपीएस' पॅनेल हजारातला एक. म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा पडदा करडा दिसतो.

त्यावरचा उपाय म्हणजे लोकल डिमिंग. बॅकलाइटचे चौकोनी विभाग, म्हणजे झोन, करायचे आणि चित्राचा जो भाग काळा असेल तिथले दिवे मंद करायचे किंवा विझवायचे. अडचण एवढीच, की फोरके पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात आणि झोन मात्र काही डझन, काही शे किंवा महागड्या संचांत काही हजार. चाळीतल्या अख्ख्या मजल्याला एकच बटण असावं आणि एका खोलीसाठी सगळा मजला उजळावा, तसं इथे होतं. झोनमध्ये एक जरी पांढरं अक्षर आलं, तरी त्या अक्षराला पुरेल इतका प्रकाश संपूर्ण झोनला द्यावा लागतो. आजूबाजूच्या काळ्या भागातून त्यातला थोडा झिरपतो. हेच ब्लूमिंग.

५५ इंची टीव्ही घेऊ. त्याचा पडदा साधारण १२२ सेंटीमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट सेंटीमीटर उंच असतो. त्यात आडवे १२ आणि उभे ८ असे ९६ झोन असतील, तर प्रत्येक झोन सुमारे १० बाय साडेआठ सेंटीमीटरचा होतो. सबटायटलची ओळ जेमतेम तीन सेंटीमीटर उंच, पण ती दोन रांगांच्या सीमेवर आली, तर दोन्ही रांगा पेटतात. म्हणजे सतरा सेंटीमीटरचा पट्टा, पडद्याच्या उंचीचा चौथा हिस्सा. झोन ४८० असतील, तर प्रत्येक झोन चार-सव्वाचार सेंटीमीटरचा होतो आणि धुकं अक्षरांच्या जवळ राहतं. ज्या टीव्हीत दिवे फक्त कडेला असतात, त्यात झोन लांबट पट्ट्यांचे असतात. दिवे खालच्या कडेला असतील, तर ओळीसोबत वरपर्यंत जाणारे उभे पट्टे उजळतात.

आता प्रकाशाचा हिशेब. अक्षरं २०० निट तेजाची असतील, तर व्हीए पॅनेलवर त्या झोनमधला काळा भाग ०.०४ निटवर येतो, आयपीएसवर ०.२ निटवर. आकडे क्षुल्लक वाटतात, पण शेजारच्या झोनमधले दिवे विझलेले असतात आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला हा फरक सहज कळतो. बाजूला बसून पाहिलं, तर व्हीए पॅनेलचं अडवणं आणखी ढिलं पडतं आणि खळं वाढतं. म्हणून तक्रार करणारा बहुधा सोफ्याच्या टोकाला बसलेला असतो.

सेटिंगला हात लावण्याआधी एक तपासणी करावी. तेजस्वी वस्तूभोवती धूसर वलय आपला डोळाही निर्माण करतो, कारण डोळ्याच्या आतही प्रकाश विखुरतो. पडद्यावर सबटायटल असताना हात समोर धरून फक्त अक्षरं झाका. धुकं तरीही दिसलं, तर ते टीव्हीचं. नाहीसं झालं, तर ते डोळ्याचं, आणि त्यावर टीव्हीच्या मेनूत इलाज नाही. मोबाइलने फोटो काढून ठरवू नये. अंधारात कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि साधं खळं भयंकर दिसतं.

दोष टीव्हीचा निघाला, तर बहुतेक जण आधी लोकल डिमिंग बंद करतात. त्याने खळं जातं खरं, पण संपूर्ण पडदाच करडा होतो. वाड्यातला अंधार उरतच नाही. त्याऐवजी सुरुवात अक्षरांपासून करावी, कारण झोन किती उजळायचा हे तीच ठरवतात. अनेक ॲपमध्ये किंवा टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग उपकरणात सबटायटलचा रंग बदलता येतो. पांढऱ्याऐवजी करडा निवडा. ६० टक्क्यांचा करडा रंग पांढऱ्याच्या सुमारे एकतृतीयांश प्रकाश देतो, म्हणजे २०० निटची अक्षरं ६५ निटवर येतात. टीव्हीने त्या प्रमाणात दिवे मंद केले, तर झिरपणारा प्रकाशही एकतृतीयांश होतो. अंधाऱ्या दृश्यात ६५ निटची अक्षरं आरामात वाचता येतात. आकारही एक पायरी कमी केला, तर ओळ कमी झोन अडवते. अक्षरांमागे काळी पट्टी लावल्याने मात्र काही साधत नाही, कारण पट्टीच्या काळ्या भागातूनही त्याच पेटलेल्या झोनचा प्रकाश झिरपतो.

यानंतर पिक्चर सेटिंगमधलं Local Dimming पाहावं. बहुधा Low, Medium किंवा Standard, आणि High असे पर्याय असतात. High मध्ये काळा सर्वांत गडद आणि तेज सर्वाधिक, त्यामुळे पेटलेल्या आणि विझलेल्या झोनमधली तफावतही मोठी. खालच्या पायऱ्यांवर ही तफावत आवरती घेतलेली असते. काळा किंचित फिका होतो, पण ओळ आल्यावर पडद्याचा खालचा भाग दचकल्यासारखा उजळत नाही. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं असल्यामुळे एकच अंधारं, संवाद असलेलं दृश्य तिन्ही पर्यायांवर चालवून पाहावं. चित्र थांबवून तुलना करू नये, कारण पॉज केल्यावर येणारी पट्टी स्वतःच झोन पेटवते. काही टीव्ही खळं टाळण्यासाठी दिवे जास्तच दाबतात. मग अक्षरं मळकट होतात, दूरचा कंदील किंवा तारे गायब होतात. तसं दिसलं, तर एक पायरी बदलावी.

उरलेलं काम खोलीतला उजेड करतो. टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड केलेला मंद पांढरा दिवा लावला, की डोळा पूर्ण अंधाराला सरावत नाही आणि ०.०४ निटचं धुकं जाणवेनासं होतं.

एवढं करूनही काही मर्यादा राहतात. ब्लू-रे डिस्कवरची सबटायटल्स चित्ररूपात असतात, त्यांचा रंग बहुतेक प्लेअरवर बदलता येत नाही. चित्रातच छापलेल्या ओळींचंही तेच. ओएलईडी टीव्हीत प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे विझतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. एलसीडी घ्यायचा असेल, तर दुकानातल्या लखलखाटात खळं दिसणार नाही. तिथे झोनची संख्या आणि पॅनेल व्हीए की आयपीएस एवढं विचारावं, आणि शक्य असेल तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, समोरून आणि बाजूने, दाखवायला सांगावी.