बाजार सावरला, खाते नाही

3 जून 2024, सोमवार. एक्झिट पोलच्या आकड्यांनी शेअर बाजार उसळला होता आणि निफ्टी 23,263 वर बंद झाला. तेजी चुकू नये म्हणून एखाद्या नवख्याने बंद होता होता निफ्टी फ्युचर्सचा एक लॉट घेतला, असे समजू. खात्यात 80 हजार रुपये. लॉट तेव्हा 25 चा होता, म्हणजे सौदा सुमारे 5 लाख 81 हजारांचा. मार्जिन साधारण 12 टक्के धरले, तर अडकले फक्त 70 हजार.

नवख्याची चूक इथेच होते. आपण 70 हजारांचा व्यवहार केला, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात नफा-तोटा मोजला जातो पूर्ण 5 लाख 81 हजारांवर. निर्देशांक एक टक्का घसरला की खात्यातून 5,800 रुपये जातात, म्हणजे मार्जिनच्या आठ टक्क्यांहून जास्त.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती. निकाल अंदाजांप्रमाणे येत नाहीत हे दिसताच विक्रीचा लोंढा आला. निफ्टी 21,281 पर्यंत खाली गेला आणि जवळपास सहा टक्के घसरून 21,884 वर बंद झाला. फ्युचर्सचा भावही तसाच हलला असे धरले, तर नीचांकाला या लॉटवर साडेएकोणपन्नास हजारांचा तोटा दिसत होता. खात्यात उरले साडेतीस हजार.

सौदा टिकवायला मात्र 70 हजार लागतातच.

मार्जिन कॉल येतो तो अशा वेळी. तुटलेले जवळपास 40 हजार भरा, नाहीतर ब्रोकर पोझिशन कापेल. अनेकांचा समज असतो की यासाठी एक-दोन दिवस मिळतील. पण बाजार वेगाने पडत असताना ब्रोकरची यंत्रणा त्याच दिवशी, कधी काही मिनिटांत, सौदा स्क्वेअर ऑफ करू शकते. ग्राहकाच्या होकाराची वाट पाहणे तिला बंधनकारक नसते. त्यातच भाव जोरात हलू लागले की मार्जिनची गरजही वाढवली जाते. म्हणजे शिल्लक घटत असतानाच मागणी वाढत जाते. सगळ्यांच्या पोझिशन एकदम कापल्या गेल्या की विक्रीला आणखी जोर चढतो, हे वेगळेच.

पुढची गोष्ट खरी जिव्हारी लागणारी आहे. शुक्रवारी, 7 जूनला, निफ्टी 23,290 वर बंद झाला, सोमवारच्याही वर. ज्याच्याकडे निफ्टीचे फंड पूर्ण पैसे देऊन घेतलेले होते, त्याचे काहीच बिघडले नाही. मंगळवारी नीचांकाला ज्याची पोझिशन कापली गेली, त्याचा अंदाज बरोबर ठरूनही 80 हजारांतले जवळपास 50 हजार गेले, आणि उरलेल्या पैशांत पुन्हा एक लॉट घेण्याची सोय राहिली नाही.

म्हणून लॉट घेण्याआधी मार्जिनचा आकडा बाजूला ठेवा. सौद्याची पूर्ण किंमत काढा, तिचे सहा टक्के मोजा. तेवढी रक्कम मार्जिनशिवाय खात्यात मोकळी नसेल, तर तो लॉट घेऊ नका.