एक घासणी, तीन भांडी

ईदचे पाहुणे गेले की मोरीत जो ढीग साठतो, त्यात तळ लागलेले बिर्याणीचे स्टीलचे पातेले असते, अंडी केलेला नॉनस्टिक पॅन असतो आणि कलेजी भाजलेला बिडाचा तवाही असतो. तिन्हींवर फिरते मात्र एकच घासणी. बहुतेक घरांत ती हिरवी असते. ती हातात घेऊन बोटाने चाचपून पाहा. सँडपेपरसारखी खरखर जाणवेल. तिच्या धाग्यांवर चिकटवलेली कठीण पूड हे काम करते. ती पूड स्टीलवर ओरखडे पाडते आणि नॉनस्टिकचा थर खरवडून काढते. घासणी घाणीपेक्षा कठीण आणि भांड्याच्या पृष्ठभागापेक्षा मऊ हवी, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे आपोआप कळते.

या महिन्यात एका वाचक भगिनीने कळवले की, सासूबाईंचा चाळीसेक वर्षांचा बिडाचा तवा कामवालीने रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि सकाळी तो तांबूस गंजलेला निघाला. त्या तव्यावर तांदळाचे घावन कधी चिकटत नसे. आता घरातले म्हणतात, भंगारवाल्याला द्या. आम्ही त्यांना कळवले की मुळीच देऊ नका. तव्याला तडा गेला नसेल तर गंज हा त्याचा शेवट नव्हे, गेला आहे तो फक्त वरचा काळा थर.

हा थर म्हणजे तेल नव्हे. अगदी पातळ लावलेले तेल लोखंडावर जोरात तापले की त्याचे कण एकमेकांत गुंफून कडक, काळा पापुद्रा बनतो. तो लोखंडाला धरून बसतो, म्हणून पदार्थ चिकटत नाही आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नाही. सासूबाईंनी वर्षानुवर्षे भाकऱ्या करता करता जे घडवले, ते आपल्याला एका दुपारी पुन्हा सुरू करता येते.

आधी गंज काढायचा. तव्यावर दोन चमचे जाडे मीठ आणि थोडे तेल टाकून नारळाच्या काथ्याने घासावे. एवढ्याने भागले नाही तर तारेची घासणी खुशाल वापरावी. एरवी आम्ही ती बिडाजवळ फिरकू देणार नाही, पण इथे वाचवायला थर उरलेलाच नाही. गंज फारच खोल असेल तर व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात तवा अर्धा तास ठेवावा, मध्येमध्ये बाहेर काढून पाहावा. तासन्तास ठेवू नये, कारण आंबट पाणी गंज संपल्यावर लोखंडच खाऊ लागते. राखाडी, स्वच्छ धातू दिसला की धुऊन, फडक्याने पुसून, मंद गॅसवर पाच मिनिटे ठेवून पूर्ण कोरडा करावा. इथे उशीर केला तर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस छटा चढते.

मग एक छोटा चमचा शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल जुन्या सुती कापडाने दोन्ही बाजूंना आणि कडांना चोळावे. कापडच घ्यावे. नायलॉनचा ब्रश गरम तव्यावर वितळतो, आणि ज्या ब्रशचे केस नैसर्गिक असतात ते पुष्कळदा डुकराचे असतात, हे आपल्या घरांनी विसरू नये. यानंतरची पायरी सगळ्यांचीच चुकते. लावलेले तेल कोरड्या कापडाने पुन्हा पुसून काढायचे, अगदी तवा कोरडा वाटेपर्यंत. मग खिडक्या उघडून मध्यम आचेवर तापवावा. धूर येईल, येऊ द्यावा. धूर थांबला की गॅस बंद करून तवा आपोआप निवू द्यावा. गरम बिडावर थंड पाणी ओतले तर तो तडकतो. असे तीन-चार वेळा करावे.

जमले की नाही हे हात लावून कळते. निवलेला तवा चिकट लागला तर तेल जास्त झाले होते, तो मऊ चिकटपणा पदार्थालाच धरून ठेवतो. अशा वेळी नवे तेल न लावता तवा पुन्हा तापवावा; तरीही चिकट राहिला तर घासून पुन्हा सुरुवात करावी. काळपट, कोरडा, किंचित तुळतुळीत झाला आणि पाण्याचा थेंब त्यावर मण्यासारखा उभा राहिला की काम झाले. तरी पहिल्याच दिवशी घावन टाकू नयेत. आठवडाभर कांदा परतावा, पराठे करावेत, थर पक्का होऊ द्यावा.

रोज धुताना कोमट पाणी आणि काथ्या पुरेसा आहे. साबण लावू नये असे जुन्या बायका सांगत. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक तीव्र असे, म्हणून ते खरेही होते. आजच्या भांड्याच्या साबणाचा एक थेंब थराला काही करत नाही. तव्याला मारते ते साचलेले पाणी. कोकम, चिंच, टोमॅटोचा रस्सा बिडाच्या कढईत शिजत ठेवू नये आणि रात्रभर तर मुळीच नाही. आंबटाने थर सुटतो आणि कालवणाला लोखंडाची चव येते.

नॉनस्टिकचे याच्या उलट आहे. त्याचा थर कारखान्यात बसवलेला असतो, गेला की घरी परत येत नाही. त्याच्यासाठी मऊ स्पंज, किंवा वाळवलेल्या घोसाळ्याची जाळी भिजवून घ्यावी. ती परसात फुकट मिळते आणि ओरखडे पाडत नाही. तळाशी तेलाचा तपकिरी पापुद्रा बसून पॅन चिकटू लागला तर घासू नका. पाणी आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटे मंद उकळा आणि निवल्यावर पुसा. रिकामा पॅन मोठ्या आचेवर मात्र ठेवू नये. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे थर बिघडू लागतो, रिकामा पॅन काही मिनिटांत तिथवर जातो, आणि अति तापल्यावर निघणारा धूर पिंजऱ्यातल्या पोपटाला मारू शकतो. फोडणीसाठी बिडाचे किंवा स्टीलचेच भांडे घ्यावे. थराच्या पापड्या निघू लागल्या की पॅन बदलावा. तिथे आमची काटकसर थांबते.

उरले बिर्याणीचे पातेले. स्टील सोशिक आहे, पण तारेच्या घासणीचे लोखंडी कण त्यावर अडकतात आणि तेच पुढे गंजाचे ठिपके दिसतात. लोक म्हणतात, स्टील निकृष्ट निघाले. करपलेल्या तळावर दोन बोटे पाणी, दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटे उकळावे, तासभर ठेवावे आणि लाकडी कालथ्याने खरवडावे. काळे पापुद्रे आपणहून सुटतात. उरलेले काथ्याने, स्टीलवरच्या बारीक रेषांच्या दिशेने घासावे. पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे असतात, ते लिंबाच्या सालीने जातात. तळाला बारीक खड्डे पडले असतील तर कारण बहुधा मीठ असते: थंड पाण्यात टाकलेले मीठ तळाशी बसून धातू पोखरते. बिर्याणीच्या तांदळाचे पाणी उकळल्यावरच त्यात मीठ घालावे आणि एकदा ढवळावे.