‘गणेश’चा ‘महेश’ करताना

रस्त्याच्या कडेला उभं राहून तिरक्या कोनातून काढलेला एक फोटो घ्या. त्यात पेंटरने हाताने रंगवलेली पाटी आहे: ‘गणेश किराणा’. तिची जवळची कड फोटोत 600 पिक्सेल उंच आहे आणि लांबची 300. आता ‘गणेश’चा ‘महेश’ करायचा आहे.

घाईत माणूस नवा शब्द टाइप करतो आणि एका बाजूने चेपून पाटीवर बसवतो. तो शब्द खोटा दिसतो, कारण तिरक्या पाटीचा मध्य फोटोत मध्यावर नसतो. चार कोपऱ्यांमधून दोन कर्ण ओढून पाहा. ते छेदतात तिथे पाटीचा खरा मध्य. इथे तो जवळच्या कडेपासून दोन तृतीयांश अंतरावर येतो, म्हणजे पाटीच्या जवळच्या अर्ध्या भागाने फोटोतली दोन तृतीयांश रुंदी व्यापली आहे. अक्षरांची उंची जशी घटते, तशी रुंदीही आवळत जाते.

म्हणून आधी पाटी सरळ करतात. चार कोपऱ्यांचे प्रत्येकी दोन, असे आठ आकडे आपल्या हाती असतात, आणि तिरका चौकोन आयतात नेणाऱ्या ‘होमोग्राफी’च्या गणितात अज्ञातही आठच. सगळा बदल या सरळ पाटीवर करायचा आणि उलट गणिताने ती परत जागी बसवायची.

खरी कसोटी अक्षरांची. पेंटरच्या हाताचा फॉन्ट कुठल्याच यादीत मिळत नाही, तो पाटीवरूनच गोळा करावा लागतो. ‘श’ आहे तिथेच राहतो. ‘णे’वरची मात्रा ‘हे’साठी चालते. ‘म’चा उभा दांडा आणि डावीकडची गाठ ‘ग’वरून घेता येते. ‘ह’ला मात्र पाटीवर नातेवाईक नाही. ब्रशची जाडी ‘क’ आणि ‘र’च्या वळणांवर मोजून तो नव्याने काढावा लागतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेली, 2020 साली मांडलेली ‘स्टेफान’ पद्धत एका अक्षराच्या वळणावरून दुसरं अक्षर घडवते. पण ती एकेक सुटं अक्षर बदलते, आणि आपली अक्षरं शिरोरेषेने बांधलेली. एक उचललं की शेजाऱ्याची रेघ तुटते, म्हणून शिरोरेषा शब्दभर एकसंध पुन्हा ओढलेली बरी.

अक्षरं टी-शर्टवर असतील तर चार कोपरे पुरत नाहीत. कापडाला चुण्या असतात, त्यामुळे बारीक जाळी टाकून तिचा प्रत्येक बिंदू चुणीबरोबर सरकवावा लागतो, आणि मूळ सावल्या नव्या अक्षरांवर पुन्हा चढवाव्या लागतात.

बदल पकडायचा असेल तर फोटो मोठा करून आधी शिरोरेषा पाहावी. पाटीच्या वरच्या आणि खालच्या कडा लांबवल्यावर जिथे मिळतात, शिरोरेषाही लांबवली की त्याच बिंदूत भेटली पाहिजे. मग रंगाच्या आतला दाणा पाहावा. कॅमेऱ्याचा दाणा फोटोभर पसरलेला असतो, नव्याने काढलेल्या ‘ह’चं पोट मात्र अनेकदा गुळगुळीत राहून जातं.